पाचपैकी कोणतेही तीन सोडवा: तिसरा प्रश्न कसा ठरवायचा?

अनिकेत_सेम३

नमस्कार मंडळी. मी मुंबई विद्यापीठाच्या इंजिनीअरिंगचा विद्यार्थी. सी स्कीमच्या मॅथ्स-३ मध्ये केटी लागली आहे. पेपर ८० मार्कांचा, वेळ तीन तास. पहिला प्रश्न सक्तीचा आणि उरलेल्या पाचपैकी कोणतेही तीन सोडवायचे, प्रत्येक प्रश्न २० मार्कांचा. पास व्हायला ३२ लागतात, मला २९ पडले. तीन मार्कांनी गेलं म्हणून उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. ती बघितल्यावर अभ्यासापेक्षा निवडच जास्त चुकली असं वाटायला लागलं.

प्रत्येक प्रश्नात अ आणि ब सहा-सहा मार्कांचे, क आठचा. एका प्रश्नातले तीनही भाग वेगवेगळ्या धड्यांतले असतात, त्यामुळे एक अख्खा प्रश्न येतोय असं कधी होतच नाही. त्या दिवशी माझी स्थिती अशी होती:

प्र. २: लाप्लास येत होतं, ऑर्थोगोनल ट्रॅजेक्टरी अजिबात नाही, क मधली x² ची फोरियर सिरीज येत होती.
प्र. ३: रँक कोरिलेशन येत होतं, मिल्न-थॉमसन अर्धवट, क मधलं कन्व्हॉल्युशन अर्धवट.
प्र. ४: बेजचा प्रॉब्लेम अर्धवट, पार्शल फ्रॅक्शनने इन्व्हर्स लाप्लास येत होतं, हाफ रेंज नाही.
प्र. ५: तिन्ही अर्धवट.
प्र. ६: अ आणि ब कोरे, क मधलं पॅराबोला फिटिंग पक्कं येत होतं.

मी २, ६ आणि ५ सोडवले. सहावा घेतला कारण आठ मार्क हातात आहेत असं वाटलं. पाचवा घेतला कारण त्यात काहीच कोरं राहत नव्हतं. मार्क आले: पहिल्या प्रश्नात ९, दुसऱ्यात १२, सहाव्यात ४, पाचव्यात ४.

मी काय निवडायला हवं होतं, आणि ते पेपर हातात आल्यावर दहा मिनिटांत कसं कळतं?

---

लोकलमधला

भावा, सोपं आहे. थिअरीला हात लावायचा नाही, न्युमेरिकल घ्यायची. न्युमेरिकल बरोबर आलं की पूर्ण मार्क, त्यात परीक्षकाची मर्जी चालत नाही. आणि वेळ उरला तर चौथाही लिहून टाक. चार लिहिले की त्यातले चांगले तीन धरतात. मी पूर्ण इंजिनीअरिंग असंच काढलं.

---

अनिकेत_सेम३

दादा, मॅथ्सच्या पेपरात सगळी न्युमेरिकलच असतात. सहाव्यातला पॅराबोलाही न्युमेरिकलच होता, त्यातच मार खाल्ला.

---

सुमन_डोंबिवली

माझा मुलगा यंदा बारावी सायन्सला आहे, म्हणून विचारते. पाचपैकी तीन म्हणजे एका प्रश्नातले पाचपैकी तीन उपप्रश्न ना? मग यात एवढं काय अवघड? जे येतात ते तीन लिहायचे. त्याच्या गणिताच्या पेपरात तर बारापैकी आठ असतात.

---

देवरुखकर

सुमनताई, तुम्ही म्हणताय तो प्रकार वेगळा आहे. बोर्डाच्या गणितात दोन मार्कांचे बारापैकी आठ, तीन मार्कांचे बारापैकी आठ आणि चार मार्कांचे आठपैकी पाच निवडायचे असतात. तिथे प्रत्येक प्रश्न सुटा असतो. एखादा येत नसेल तर तेवढाच सोडायचा, बाकीच्यांवर परिणाम नाही. अनिकेतच्या पेपरात प्रश्न म्हणजे तीन भागांचं गाठोडं आहे. घ्यायचं तर अख्खं गाठोडं. दुसऱ्यातला क, तिसऱ्यातला अ आणि चौथ्यातला ब असं वेचून घेता येत नाही. म्हणून तुमच्या मुलाला निवडीत फारसा विचार करावा लागत नाही आणि याला करावा लागतो.

अनिकेत, मी बरीच वर्षं हा विषय शिकवला आणि पेपरही तपासले. तुझी यादी बघून आधी एकच गोष्ट सांगतो. तू प्रश्न निवडले नाहीस, उपप्रश्न निवडलेस. सहाव्यात तुला एक चांगला क दिसला आणि त्याच्यासोबतचे बारा मार्क तू सोडून दिलेस. पाचव्यात "काहीच कोरं नाही" एवढंच बघितलंस, भरलेलं किती आहे ते बघितलं नाहीस.

आता हिशोब मांडू. "येतं" म्हणजे पूर्ण मार्क असं धरायचं नाही, परीक्षेत ते कधीच मिळत नाहीत. सहापैकी पाच धर, आठपैकी सात. "अर्धवट" म्हणजे अर्धे मार्क नव्हेत, त्याहून कमी. सहापैकी दोन, आठपैकी तीन. सूत्र लिहिलं, एक-दोन ओळी बरोबर गेल्या, मग गाडी अडली, याला एवढेच पडतात. कोऱ्याला शून्य.

असं धरलं तर दुसऱ्यात ५ + ० + ७, म्हणजे १२. तुला १२च पडले आहेत, तेव्हा अंदाज फार चुकीचा नसावा. तिसऱ्यात ५ + २ + ३, म्हणजे १०. चौथ्यात २ + ५ + ०, म्हणजे ७. पाचव्यात २ + २ + ३, म्हणजे ७. सहाव्यात नुसते ७.

दुसरा आणि तिसरा वादाशिवाय घ्यायचे होते. तिसरा सोडलास तिथेच पेपर गेला. पहिल्याचे ९, दुसऱ्याचे १२, तिसऱ्याचे १० मिळून ३१ होतात. उरलेल्या तिघांपैकी कुठलाही घेतला असतास, अगदी तुला प्रत्यक्ष पडलेले ४ धरले, तरी ३५ झाले असते.

तिसरा का सोडलास ते मात्र सांग.

---

अनिकेत_सेम३

सर, रँक कोरिलेशनच्या टेबलात खूप आकडे होते आणि काही मार्क सारखे होते. टाय आला की मी गोंधळतो. आणि क मधल्या कन्व्हॉल्युशनचं इंटिग्रल बघूनच नको वाटलं.

---

देवरुखकर

टायला घाबरलास आणि पॅराबोला घेतलास, इथे मला थांबावंसं वाटतं. दोन्ही टेबलाचीच गणितं. पण रँकचं गणित तुला स्वतःहून सांगतं की चुकलास. पॅराबोला सांगत नाही.

छोटं उदाहरण घे. सहा विद्यार्थ्यांचे दोन विषयांतले मार्क:

X: 40, 55, 55, 62, 70, 48
Y: 35, 50, 46, 46, 64, 30

सर्वांत जास्त मार्कांना पहिला क्रमांक. X मध्ये ७० पहिला, ६२ दुसरा, मग दोन ५५. ते तिसऱ्या-चौथ्या जागी आहेत, म्हणून दोघांनाही ३.५. पुढचा ४८ पाचवा, ४० सहावा. Y मध्ये तसंच दोन ४६ ना ३.५. आता क्रमांकांतला फरक d ओळीने: 1, 1.5, 0, −1.5, 0, −1. यांची बेरीज शून्य. ती नेहमी शून्यच यायला हवी, कारण दोन्ही बाजूंना त्याच जागा वाटल्या आहेत.

समज, गोंधळात तू दोन्ही ५५ ना ३.५ ऐवजी ३ दिलेस. मग d येतात 1, 1, −0.5, −1.5, 0, −1 आणि बेरीज −१. अर्ध्या मिनिटात कळलं की क्रमांक देतानाच काहीतरी चुकलं. मागे जायचं, दुरुस्त करायचं, पुढे चालायचं.

पुढे Σd² = 6.5. प्रत्येक टायसाठी m(m² − 1)/12 मिळवायचं. m म्हणजे बरोबरीत किती जण. इथे m = 2, म्हणून 0.5, आणि असे दोन टाय, म्हणजे 1.

R = 1 − 6(6.5 + 1)/(6 × 35) = 1 − 45/210 = 0.786

उत्तर −१ आणि १ च्या बाहेर गेलं तर पुन्हा बघायचं. एकाच गणितात चूक पकडायच्या दोन जागा. दुसऱ्या प्रश्नातल्या x² च्या फोरियरलाही ही सोय होती. (−π, π) मध्ये फंक्शन सम आहे, तेव्हा bₙ शून्य यायलाच हवा. आणि शेवटी "यावरून Σ1/n² = π²/6 दाखवा" असं असतं. x = π घातल्यावर ते आलं नाही तर वर काहीतरी बिघडलंय. जिथे पेपरच शेवटची ओळ देतो, तो भाग अर्धवट येत असेल तर मी दोन मार्क जास्तीचे धरून मोजायला सांगायचो.

तुझ्या पॅराबोलात काय झालं, झेरॉक्समध्ये बघून लिही.

---

अनिकेत_सेम३

बघितलं. x १ ते ५ होते. Σx⁴ ९७९ यायला हवा होता, मी ९६९ लिहिला. तिथून तिन्ही समीकरणांतलं एक बिघडलं आणि a, b, c तिन्ही विचित्र आले. मला ते उत्तर चुकीचं वाटलंच नाही, कारण बरोबर उत्तर कसं दिसतं तेच माहीत नव्हतं. शेवटी दोन पानं खोडून परत केलं, परत तेच आलं. ५५ मिनिटं गेली. त्यानंतर पाचव्याला वीस मिनिटंही उरली नाहीत.

---

सिग्मा

देवरुखकर सरांचं बहुतेक सगळं पटलं, पण पॅराबोला निवडीतून बाद करायला मी तयार नाही. मी स्टॅटमध्ये एम.एस्सी. केलंय, शिकवणीही घेते. x सारख्या अंतरावर असतील तर मधल्याला शून्य धरायचं. १, २, ३, ४, ५ चे −२, −१, ०, १, २ होतात. मग Σx शून्य, Σx³ शून्य, Σx² दहा, Σx⁴ चौतीस. ९७९ वगैरे काही येतच नाही. तीन समीकरणांपैकी मधलं एकटं पडतं, b सरळ मिळतो, बाकी दोन समीकरणं a आणि c ची. अनिकेतने हे केलं असतं तर पंधरा-वीस मिनिटांत सात मार्क होते. शेवटी x च्या जागी x − ३ घालून परत मूळ रूपात लिहायचं, ते विसरलं तर मार्क जातात.

आणि सरांच्या हिशोबात एक गोष्ट राहिली. चौथा, पाचवा, सहावा तिन्ही सातावर बरोबरीत आलेत, पण वेळ सारखा लागत नाही. सहाव्यात फक्त क लिहायचा म्हणजे वीस मिनिटांत बाहेर. ८० मार्कांना १८० मिनिटं, म्हणजे वीस मार्कांच्या प्रश्नाला पंचेचाळीस. म्हणजे पंचवीस मिनिटं उरली. ती पहिल्या प्रश्नाला दिली तर नऊचे बारा होतील. पाचव्यात तीन अर्धवट भागांना पूर्ण पंचेचाळीस मिनिटं जातात, कारण माणूस अर्धवट गोष्टीपाशी अडून बसतो.

---

देवरुखकर

वेळेचं बरोबर आहे, ते माझ्याकडून राहिलं. पण मी तरी चौथाच घेतला असता. त्यातलं पार्शल फ्रॅक्शन पडताळून बघता येतं. s ला एखादी सोपी किंमत घालायची, दोन्ही बाजू जुळतात का बघायचं. आणि बेजमध्ये सगळ्या शक्यतांची बेरीज १ येते का ते बघता येतं. सहाव्यात सगळी भिस्त एकाच गणितावर. शिफ्ट करून बेरजा सोप्या होतात हे मान्य, पण xy आणि x²y च्या बेरजा हातानेच करायच्या, आणि त्या चुकल्या तर सांगणारं कुणी नाही.

---

सिग्मा

ज्याला कॅल्क्युलेटरवर नीट हात बसलाय त्याच्यासाठी सहावा, बाकीच्यांसाठी चौथा, असं म्हणू का? मी तरी माझ्या मुलांना सहावाच सांगेन.

---

दिल्लीत_मराठी

मी यूपीएससीची तयारी करतोय, माझा अनुभव थोडा वेगळ्या पेपरचा आहे. ऑप्शनलच्या पेपरात आठ प्रश्न, दोन विभाग. पहिला आणि पाचवा सक्तीचा, उरलेल्या सहापैकी तीन, पण प्रत्येक विभागातून किमान एक घ्यावाच लागतो. मी एकदा टेस्ट सिरीजमध्ये पहिल्या विभागातले तिन्ही लिहून बसलो, कारण तिन्ही छान येत होते. त्यातला एक मोजलाच गेला नाही. तेव्हापासून आधी विभागाची अट बघतो, मग आवड.

वर लोकलमधला यांनी "चौथाही लिहा, चांगले तीन धरतात" असं लिहिलंय. आमच्याकडे पेपरवर स्पष्ट छापलेलं असतं की प्रश्न लिहिलेल्या क्रमाने मोजले जातील, आणि खोडला नसेल तर अर्धवट लिहिलेला प्रश्नही मोजला जाईल. म्हणजे आधी सुरू करून सोडलेला प्रश्न खोडायचा राहिला, तर तोच तीनपैकी एक धरला जातो आणि शेवटी मन लावून लिहिलेला बाद होतो. हे मी एकाचं प्रत्यक्ष झालेलं बघितलंय.

---

लोकलमधला

आमच्याकडे तसं कधीच नव्हतं. मी चार लिहिले आणि मार्क चांगले आले.

---

देवरुखकर

मी तपासायला बसायचो तेव्हा चारही तपासायचो आणि जास्त मार्कांचे तीन धरायचो. पण ते माझं सांगतोय. दुसऱ्या परीक्षकाच्या टेबलावर काय होईल याची हमी मी देणार नाही. ज्या पेपरवर नियम छापलेला असेल तिथे तोच चालतो. छापलेला नसेल तर चौथ्याच्या भरवशावर निवड करू नये. आणि अनिकेतसारख्या मुलाला चौथ्यासाठी वेळ उरतच नाही. ज्याला उरतो तो तसाही नापास होत नाही. सोडून दिलेल्या प्रश्नावर मात्र एक तिरकी रेघ मारायची सवय कुठल्याही परीक्षेत चांगली.

---

सुमन_डोंबिवली

सर, अर्धवट येतं आणि पूर्ण येतं यातला फरक मुलाला परीक्षेत कसा कळावा? माझा मुलगा प्रत्येक वेळी "येतं" म्हणूनच सुरू करतो.

---

देवरुखकर

ताई, हा प्रश्न अनिकेतने विचारायला हवा होता. पहिली ओळ आठवणं म्हणजे येणं नव्हे. पहिली ओळ बहुतेक वेळा सूत्र असते आणि सूत्र सगळ्यांना पाठ असतं. मी मुलांना सांगायचो, पेपर वाचताना तिसरी ओळ डोळ्यांपुढे आण. कन्व्हॉल्युशनमध्ये पहिली ओळ F आणि G वेगळे करायची, दुसरी इंटिग्रल मांडायची, तिसरी म्हणजे sin × sin असेल तर त्याचं cos च्या वजाबाकीत रूपांतर. ती तिसरी ओळ दिसली तर येतं. नाही दिसली तर अर्धवट, मग घरी कितीही वेळा सोडवलेलं असू दे. प्रश्नपत्रिकेवर पेन्सिलीने खूण करता येत नसेल तर उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर रफ काम म्हणून पाच प्रश्न आणि त्यांच्यासमोर आकडे लिहायचे. आठ-दहा मिनिटं लागतात, आणि नंतर पान खोडून टाकायचं.

---

अनिकेत_सेम३

सर, काल एक जुना पेपर घड्याळ लावून सोडवला. आधी शेवटच्या पानावर आकडे मांडले. दोन प्रश्न लगेच ठरले, तिसऱ्यासाठी दोघांत ९ आणि ८ असं आलं. आठवाल्यात रँक कोरिलेशन होतं, टायसकट. तोच घेतला. पहिल्यांदा Σd = 0.5 आला, परत बघितलं तर Y मधल्या टायमध्ये एकाला ३.५ ऐवजी ३ दिला होता. दुरुस्त केलं, पुढे बरोबर आलं. नऊवाल्यात अर्धवट भाग दोन होते, ते घेतले असते तर कुठे अडलो असतो ते कळलंही नसतं.

मित्राला तपासायला दिला, ४१ दिले. त्याने सढळ हाताने दिले असतील.

एक राहिलंच. सक्तीचा पहिला प्रश्न आधी लिहावा का शेवटी? त्यात पाच-पाच मार्कांचे चार भाग असतात, सगळ्या धड्यांतले, आणि मी तिथेच एक तास घालवतो.

---

सिग्मा

शेवटी. जे पक्कं आहे ते आधी लिहून हात मोकळा कर.

---

देवरुखकर

आधी. तो निवडायचा नाही, लिहायचाच आहे. पण पंचेचाळीस मिनिटं झाली की जिथे असशील तिथे अर्धं पान सोडून उठायचं. तास झाला तर वर केलेल्या हिशोबाचा उपयोग नाही, कारण तिसऱ्या प्रश्नाला वेळच उरणार नाही.

---

दिल्लीत_मराठी

आमच्या सक्तीच्या प्रश्नात पाच छोटे भाग असतात. मी त्यातले तीन आधी लिहितो आणि दोनसाठी जागा सोडून पुढे जातो. अनिकेत, पुढच्या सरावाच्या पेपरला दोन्ही प्रकारे करून बघ आणि पहिल्या प्रश्नाला किती मिनिटं गेली तेवढं इथे लिही.